१३ नोड की ३: गाडी भरण्याचा हिशेब आणि ब्रँच अँड बाउंड

फोंड्याच्या एका किराणा घाऊक गोदामात मी गाड्यांचं नियोजन बघतो. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे ऑर्डरी जास्त आणि गाड्या कमी असतात, त्यामुळे कोणता माल आज चढवायचा आणि कोणता उद्यावर ढकलायचा हा रोजचा वाद. अर्धी ऑर्डर कोणी घेत नाही. दिली तर पूर्ण, नाहीतर नाही. हा हिशेब सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं ठरलं आणि ब्रँच अँड बाउंड, म्हणजे शक्यतांच्या फांद्या पाडत आणि निरुपयोगी फांद्या छाटत उत्तर शोधायची पद्धत, माझ्या गळ्यात पडलं. त्यातला एकच भाग इथे मांडतो: शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा, आणि हातात असलेल्या उत्तराच्या जोरावर फांद्या कशा छाटायच्या. पुस्तकात हे दोन वेगळे विषय म्हणून येतात. मला ते एकच वाटतात, आणि का ते एका गाडीच्या उदाहरणातून दिसतं.

गाडी १,५०० किलोची. उसगाव, वाळपई, होंडा, साखळी, डिचोली या एकाच पट्ट्यातल्या पाच ऑर्डरी. वाळपईची ऑर्डर ७०० किलो, त्यात ४,२०० रुपये सुटतात. साखळी ६०० किलो, ३,३००. डिचोली ८०० किलो, ४,०००. उसगाव ४०० किलो, १,२००. होंडा ३०० किलो, ८००. किलोमागे सुटणाऱ्या पैशांचा क्रमही हाच आहे, वाळपई सर्वांत वर आणि होंडा सर्वांत खाली.

पहिलं काम म्हणजे ऑर्डर तोडायला परवानगी आहे असं क्षणभर मानायचं. याला एलपी रिलॅक्सेशन म्हणतात. मग उत्तर सोपं असतं: किलोमागे जास्त देणारा माल आधी, आणि उरलेल्या जागेत पुढच्या ऑर्डरीचा तुकडा. वाळपई आणि साखळी मिळून १,३०० किलो आणि ७,५०० रुपये होतात. उरलेल्या २०० किलोत डिचोलीचा पाव भाग, म्हणजे १,०००. एकूण ८,५००. खऱ्या, न तोडलेल्या कोणत्याही भरतीतून यापेक्षा जास्त सुटूच शकत नाही. ही झाली वरची मर्यादा, म्हणजे बाउंड.

अडलं ते डिचोलीवर, म्हणून तिथेच दोन फांद्या. एकीत डिचोली नाही, दुसरीत डिचोली पूर्ण. अशी दोन फांद्यांची मांडणी डेकिन यांनी १९६५ मध्ये दिली. मूळ पद्धत लँड आणि डॉइग यांची, १९६० ची. ‘ब्रँच अँड बाउंड’ हे नाव मात्र १९६३ मध्ये लिटल, मूर्ती, स्वीनी आणि कॅरेल यांच्या फिरत्या विक्रेत्यावरच्या लेखातून रूढ झालं.

आता डेप्थ फर्स्टने चला, म्हणजे एका फांदीत आधी तळापर्यंत उतरायचं आणि मगच मागे यायचं. पाव भाग शून्याच्या जवळचा, म्हणून आधी ‘डिचोली नाही’ या बाजूला उतरायचं. तिथे वाळपई, साखळी आणि उसगावचा अर्धा भाग बसतो, मर्यादा ८,१००. आता उसगाव अडलं. तेही काढलं तर होंडाचा दोन तृतीयांश भाग आत येतो आणि मर्यादा सुमारे ८,०३३ होते. होंडाही काढलं की वाळपई अधिक साखळी हे सरळ, न तोडलेलं उत्तर मिळतं: ७,५००. हे आपलं पहिलं इन्कम्बन्ट, म्हणजे आतापर्यंत हाती असलेलं सर्वांत चांगलं पूर्ण उत्तर.

इथून छाटणी सुरू होते, आणि ती किती लुळी आहे ते बघा. मागे येऊन होंडा पूर्ण घेतलं तर मर्यादा ७,७५०. ती ७,५०० पेक्षा जास्त आहे, म्हणून ती फांदी उघडावीच लागते. तिच्या आत आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर कळतं की एका बाजूला ५,००० आहेत, दुसरीकडे ४,१००, आणि उरलेल्या फांदीत माल १,६०० किलो होतो, म्हणजे गाडीत मावतच नाही. मग उसगाव पूर्ण घेतलेली बाजू: मर्यादा ७,६००. पुन्हा ७,५०० पेक्षा थोडीशी वर, पुन्हा उघडा. त्यातली एक फांदी ६,२०० वर थांबते. दुसरीची मर्यादा बरोबर ७,५०० येते, आणि ती छाटता येते, कारण हातात आहे तेवढंच देणारं दुसरं उत्तर आपल्याला नको आहे.

हे सगळं उरकल्यावर शेवटी पाळी येते ‘डिचोली पूर्ण’ या फांदीची. तिथे ७०० किलो उरतात, वाळपई नेमकी बसते, आणि न तोडता ८,२०० मिळतात. तेच खरं उत्तर. मुळापासून मोजलं तर तपासलेले टप्पे, म्हणजे नोड, एकूण १३.

बेस्ट बाउंडमध्ये नियम वेगळा: उघड्या नोडांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत मोठी, तो आधी. मूळ नोडाची दोन मुलं म्हणजे ८,१०० आणि ८,२००. ८,२०० आधी घेतला, तो पूर्ण उत्तरच निघाला. उरलेल्याची मर्यादा ८,१००, म्हणजे त्याच्या पोटात काहीही असलं तरी ८,२०० ला गाठणार नाही. ३ नोडांत काम संपलं.

एवढं पाहून बेस्ट बाउंडच चांगलं असं म्हणायचा मोह होतो. पण आमच्या लोडिंग सुपरवायझरने तोच कागद पाहिला आणि म्हणाला, “सातशे आणि आठशे, गाडी भरली. यात बघायचं काय?” त्याचं हे ८,२०० चं उत्तर सुरुवातीलाच इन्कम्बन्ट म्हणून दिलं, तर तीच डेप्थ फर्स्ट, त्याच क्रमाने, ‘डिचोली नाही’ ही फांदी ८,१०० वर जागीच छाटते आणि ३ नोडांत संपते. क्रम बदललाच नाही, फक्त चांगलं उत्तर लवकर हाती आलं.

यामागचं कारण साधं आहे. फांद्या पाडायची पद्धत ठरलेली असेल, तर ज्या नोडची मर्यादा खऱ्या उत्तरापेक्षा वर आहे तो उघडल्याशिवाय गत्यंतर नाही, मग क्रम कुठलाही असो. बेस्ट बाउंड बरोबरीचे नोड सोडले तर त्यापलीकडे एकही नोड उघडत नाही. डेप्थ फर्स्ट मात्र खऱ्या उत्तराच्या खाली पण हातातल्या उत्तराच्या वर अडकलेले नोडही उघडते. आमच्या उदाहरणात ७,५०० ते ८,२०० च्या मधले सगळे. हातातलं उत्तर जितकं वर, तितका हा मधला पट्टा अरुंद.

मग बेस्ट बाउंडच का ठेवू नये? मी तेच ठेवून पाहिलं, एका गाडीऐवजी सगळ्या पिकअप आणि दिवसभराच्या सगळ्या ऑर्डरी देऊन. सॉल्व्हरच्या लॉगमध्ये `InQueue`, म्हणजे उघडायच्या राहिलेल्या नोडांचा आकडा वाढत राहिला, `BestBound` ही वरची मर्यादा जागची हलेना, आणि `BestSol` या हातातल्या उत्तराच्या जागी आकडाच नाही. आमच्या गाड्या एकसारख्या आहेत. वाळपईचा माल पहिल्या गाडीतून काढला की तो दुसरीत तसाच बसतो आणि मर्यादा तेवढीच राहते. त्यामुळे एकाच मर्यादेचे ढीगभर नोड तयार होतात, आणि बेस्ट बाउंड त्या ढिगावर आडवं फिरत राहतं, खाली उतरतच नाही. पूर्ण उत्तरं तर झाडाच्या तळाशी असतात. ती मिळाली नाहीत की छाटायला काही नाही, आणि मेमरी मात्र भरत जाते. डेप्थ फर्स्टमध्ये चालू वाटेवरचे नोड आणि त्यांची न उघडलेली भावंडं एवढंच लक्षात ठेवावं लागतं. शिवाय मुलाचा एलपी बापापेक्षा एकाच अटीने वेगळा असतो, त्यामुळे एलपी सोडवणारी ड्युअल सिम्प्लेक्स पद्धत बापाच्या उत्तरावरून थोडक्या पायऱ्यांत पुढे जाते. झाडाच्या दुसऱ्या टोकाला उडी मारली की ही सोय जाते.

लॉगवरून दुखणं ओळखता येतं. `BestSol` हलत नसेल आणि `BestBound` हळूहळू उतरत असेल, तर खाली उतरण्याची गरज आहे. उलट `BestSol` चांगलं आहे असं वाटतं पण `BestBound` अडून बसलंय, तर खाली कितीही उतरून उपयोग नाही. तिथे मॉडेलच घट्ट करावं लागतं. आम्ही एकसारख्या गाड्यांना क्रम लावला: पहिल्या गाडीत दुसरीपेक्षा कमी माल नसावा, दुसरीत तिसरीपेक्षा. त्या एका अटीने अदलाबदलीचे बहुतेक नोड गेले.

स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये या दोन पद्धतींतला फरक एका शब्दावर येतो. डेप्थ फर्स्टमध्ये:

```python
node = stack.pop()
if node.bound < best + 100 - 1e-6:
    continue
```

बेस्ट बाउंडमध्ये:

```python
nb, _, node = heapq.heappop(q)
if -nb < best + 100 - 1e-6:
    break
```

पहिल्यात एक नोड टाकून पुढचा बघायचा. दुसऱ्यात वरचाच नोड नापास झाला म्हणजे रांगेतले बाकीचे सगळेच नापास, सरळ बाहेर पडायचं. ही तपासणी नोड बाहेर काढताना हवीच. तो रांगेत गेला तेव्हा हातात ७,५०० असतील आणि आता ८,२०० असतील.

`100` एवढ्यासाठी, की आमचे सगळे आकडे शंभराच्या पटीत आहेत. त्यामुळे ८,२०० च्या पुढचं उत्तर किमान ८,३०० चं असणार, आणि ८,२८० मर्यादेचा नोड उघडण्यात अर्थ नाही. पैसे सुट्टे असले तर ही सवलत मिळत नाही. आणि `1e-6` विसरलात तर दशांशांच्या गोळाबेरजेत ८,३०० ची मर्यादा ८,२९९.९९९९९९९ अशी येऊन खरं उत्तरच छाटलं जाऊ शकतं. ऑर्डरींचा क्रम बदलला की उत्तर बदलतंय असं दिसलं, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

सध्या आमच्याकडे मिश्र पद्धत चालते. सुपरवायझरची हाताने केलेली भरती पहिलं इन्कम्बन्ट म्हणून जाते. तिथून फांदी छाटली जाईपर्यंत खाली उतरायचं, छाटली गेली की सर्वांत मोठ्या मर्यादेच्या नोडावर उडी, आणि तिथून पुन्हा खाली. मोठे सॉल्व्हरही साधारण असंच करतात. पहाटे गाड्या लागायच्या वेळी शोध संपलेला असेलच असं नाही, पण तेव्हा दोन आकडे हातात असतात. सुपरवायझर विचारतो, “अजून किती सुटलं असतं?” मी `BestBound` मधून `BestSol` वजा करून रुपयांत सांगतो: जास्तीत जास्त इतके. तो आकडा हमालीपेक्षा कमी असला की तो गाडीचं फाळकं लावायला सांगतो.