‘वाट’ या शब्दाचा आठवडा

गुरुवार, रात्र

आज मुख्याध्यापक वर्गावर जरा उशिरा आले, तेव्हा सहा-सात महिन्यांपूर्वी नेपाळहून आलेला माझा चौथीतला विद्यार्थी उभा राहिला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “सर, आम्ही कधीपासून तुमची वाट लावतोय.” वर्ग खदखदून हसला, सरही हसले, मुलगा मात्र खाली बसला तो पुढचा तासभर तोंड उघडायला तयार नव्हता. चूक माझी होती. ‘वाट पाहणे’ मी दिवाळीपूर्वी पाठ्यपुस्तकातून शिकवले आणि ‘वाट लागणे’ या सोमवारी, मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी ते सारखे ऐकू येते म्हणून. पण दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून दाखवायचे राहून गेले.

बोलीतला एक शब्द आठवडाभर पुरवायचा, असा माझा परिपाठ आहे. एका दिवशी पाच शब्द दिले, तर मुले ते मिरवतात आणि नको तिथे वापरतात. शिवाय शब्द मैदानावर आधी ऐकलेला असावा लागतो. मी माझ्या तरुणपणीचा एखादा शब्द उत्साहाने शिकवला, तर वर्गातली मराठी घरांतली मुले एकमेकांकडे पाहून हसतात, आणि नव्या मुलाच्या पदरी शिळा शब्द पडतो.

‘वाट’ हा शब्द या मुलांना खरे तर परका नाही. नेपाळी बोलणाऱ्यांकडे ‘बाटो’ आहे, हिंदी घरांतल्या मुलांनी ‘बाट जोहना’ निदान ऐकलेले असते, आणि रस्त्याकडे डोळे लावून बसणे म्हणजे प्रतीक्षा, हे दोन्हीकडे ठाऊक आहे. म्हणून आज मी फळ्यावर एक रस्ता काढला आणि त्याच्या टोकाशी डोळे लावून बसलेली मुलगी काढली. ही वाट पाहते. दुसऱ्या चित्रात पावसात फाटलेली वही काढली आणि सांगितले की वहीची वाट लागली, आणि ती लावली पावसाने. ‘लागणे’ आपोआप घडते, ‘लावणे’ कोणीतरी करते, हा फरक मुलांना चित्रावरून लगेच कळला, पण वाक्यात तो टिकेना. “मी वाट लागलो,” असे तिघांनी तरी म्हटले. ‘मी पडलो’, ‘मी दमलो’ हा साचा त्यांनी नुकताच पक्का केला आहे आणि तोच ते इथे चालवतात. येथे कर्ता ‘मी’ नसून ‘वाट’ आहे, ती स्त्रीलिंगी आहे, म्हणून बोलणारा मुलगा असो वा मुलगी, ‘माझी वाट लागली’ असेच म्हणावे लागते. नियम सांगून हे बसत नाही. ‘माझी’, ‘वहीची’, ‘चपलांची’ एवढेच बदलून तेच वाक्य पंधरा-वीस वेळा म्हणून घ्यावे लागते.

नंतर मी तीन खुर्च्या मांडल्या: एक मित्राची, एक आजीची, एक मुख्याध्यापकांची. पेपर अवघड गेला, हे तिघांनाही सांगायचे. मित्राला “वाट लागली रे,” आणि बाकी दोघांना “पेपर अवघड गेला,” अशी माझी सरळ विभागणी होती. ती एका मुलीने मोडून काढली. शेजारच्या आजी स्वतःच “गुडघ्यांची वाट लागली” म्हणतात, मग त्यांच्याशी का बोलायचे नाही, असे तिने विचारले. मला थांबून विचार करावा लागला. तिचे म्हणणे खरे होते. समोर कोण आहे यापेक्षा वाट कोणाची, हे अधिक महत्त्वाचे आहे. स्वतःच्या पेपरची वाट लागली, हे जवळच्या मोठ्या माणसाजवळ चालून जाते. मोठ्या माणसाला “तुमची वाट लागली” म्हणणे उर्मटपणाचे होते, आणि “तुझी वाट लावीन” ही तर सरळ धमकीच. लेखी उत्तरात यांतले काहीच नको. माझी विभागणी मी मुलांसमोरच पुसली.

याच ओघात एकाने ‘च्यायला’चा अर्थ विचारला. असे शब्द मी टाळत नाही, कारण न सांगितल्यास मुले तो अर्थ मैदानावर अधिक वाईट रीतीने शिकतात. त्यात कोणाची तरी आई येते, म्हणून कानावर आला तर समजून घ्या, तोंडात आणू नका, एवढे सांगून पुढे गेले. खुर्ची मात्र त्यासाठी मांडली नाही.

शाळा सुटताना तो सकाळचा मुलगा दाराशी घुटमळला. दप्तराचा तुटलेला बंद माझ्यापुढे धरून हळूच म्हणाला, “बाई, दप्तराचा वाट लागला.” लिंग चुकले होते. मी दुरुस्त केले नाही. सुईदोरा काढून बंद शिवून दिला.