बसलेला केक

दुपारी दोनला भाचीचा फोन बेकरीत आला. धाकट्या भावाच्या वाढदिवसासाठी पंधरा वर्षांच्या या पोरीने आयुष्यातला पहिला केक केला होता, आणि तो मधोमध बसला होता. “मामा, मी दार उघडलं ना, म्हणून!” ओव्हनचं दार उघडलं की केक बसतो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. म्हणून मी आधी एवढंच विचारलं, “अगं, बसला केव्हा? दार उघडायच्या आधी की नंतर?”

ती आठवून म्हणाली, “काचेतून बघत होते. पंधराव्या मिनिटाला भांड्याच्या वर आला, मग आपोआप खाली गेला. ते बघूनच दार उघडलं.”

म्हणजे दाराचा दोष नव्हता. बाहेर काढल्यावर बसला असता, तर कच्चा राहिला असं म्हटलं असतं. आतच, दार बंद असताना फुगून बसला, की मी पहिला संशय बेकिंग पावडरवर घेतो.

संध्याकाळी जाऊन केक कापला. कडेला ठीक, मध्ये खड्डा, खड्ड्याखाली चिकट ओला थर आणि वर एकमेकांत मिसळलेली मोठाली भोकं. तुकडा जिभेवर ठेवला तर कडवट. कृती साधी होती: मैदा, पिठीसाखर आणि लोणी प्रत्येकी १५० ग्रॅम, ३ अंडी, १ चमचा बेकिंग पावडर. चमचा कुठला, म्हणून विचारलं, तर तिने पोहे खायचा चमचा दाखवला, तोही शीग लावून भरलेला. वजन केलं: १३ ग्रॅम. कृतीतला चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट पुसलेला. त्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम बसते.

तिला समजावलं ते असं. पावडरमधून वायू सुटतो आणि पिठातले बुडबुडे फुगतात. त्यांच्याभोवतीची भिंत उभी राहते ती अंडं घट्ट झाल्यावर आणि मैद्यातला स्टार्च फुलल्यावर. भांड्याच्या कडा आधी तापतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. पावडर तिप्पट पडली, की मध्ये भिंत तयार होण्याआधीच बुडबुडे ताणून फुटतात, वायू निघून जातो आणि ओलं पीठ खाली बसतं. म्हणून खड्डा नेहमी मधोमध.

मग तेच प्रमाण पुन्हा घेतलं, फक्त पावडर सुरीने पुसून सपाट चमचाभर. सात इंची भांडं दोन तृतीयांश भरलं, आणि ३० मिनिटं दाराला हात लावायचा नाही, असं ठरलं. कारण भिंती ओल्या असताना थंड हवा शिरली, तर दारानेही केक बसतो. फक्त तो दुपारचा नव्हे. ४० मिनिटांनी मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली.

केक बसला नाही. पण मध्ये उंचवटा येऊन चिरला.

“आता हे का?” तिने विचारलं.

ओव्हनचा काटा २०० वर होता. कृतीत १७० लिहिलं होतं.