कोथिंबीर आठवडाभर टिकवताना जीव मेटाकुटीला आला (माझा अनुभव)

दर रविवारी लक्ष्मीपुरीतनं आठवड्याची भाजी आणते आणि दर बुधवारी कोथिंबीर कचऱ्यात. पिशवी उघडली की तो कुबट वास, आत काळी बुळबुळीत पानं. नवऱ्याला फोडणीत कढीपत्ता आणि वर कोथिंबीर पाहिजेच, त्यामुळं रागही मलाच यायचा.

मिरची नि कढीपत्त्यानं मला कधी त्रास दिला नाही. मिरचीचे देठ काढायचे, कोरडी पुसून डब्यात ठेवायची, झालं. कढीपत्ता काड्यांवरनं ओरबाडून कोरडा डब्यात. पण कोथिंबीर! पेपरात गुंडाळून बघितली, पेपर ओलाचिंब आणि कोथिंबीर पेपराला चिकटलेली. ग्लासात पाणी घालून मुळं बुडवून फ्रिजच्या दारात ठेवली, दोन दिवसांनी आमच्या पोरानं दार आपटलं आणि सगळं पाणी खालच्या कप्प्यात. मग धुवून डब्यात ठेवली, ती तर सगळ्यात आधी गेली.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी मारून विकलेली पेंडी ती. ओलं लेकरू तसंच दुपट्यात गुंडाळशील का?"

मग एकच पेंडी घेऊन दोन वाटे केले. अर्धी नेहमीसारखी डब्यात. दुसऱ्या अर्धीचा दोरा सोडला, आणि तिथंच कळलं, दोरा बांधलेल्या जागी आतल्या काड्या आधीच काळ्या पडायला लागलेल्या, म्हणजे घरी आणायच्या आधीपासूनच सडायला सुरुवात! त्या काढल्या, पिवळी पानं काढली, मुळं कापली आणि न धुता सुती पंचावर पंख्याखाली पसरली, जवळजवळ दोन तास. कोमेजायच्या आत उचलायची, मूठ दाबली की हाताला ओल लागत नाही एवढीच बघायची. डब्यात खाली नि वर कोरडा पंचा, मध्ये सैल कोथिंबीर, दाबून भरायची नाही.

बुधवारी पहिल्या डब्याच्या झाकणाला आतनं थेंब लोंबत होते आणि खाली काळी बुळबुळ. दुसरं झाकण कोरडं. आता मी कोथिंबीर बघायच्या आधी झाकण बघते, थेंब दिसला की पंचा बदलायचा. रविवारपर्यंत चांगली राहिली, कडेची चार-पाच पानं पिवळी तेवढीच. धुवायची ती वापरायच्या वेळी, तेवढीच.

हां, डबा फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथं पानं गोठतात आणि बाहेर काढली की त्यांचा काळा लगदा होतो, माझा कढीपत्ता एकदा असाच गेला. पिकलेली केळीही शेजारी नकोत, कोथिंबीर लवकर पिवळी पडते. आणि मिरचीचा देठ काढताना टोक फाटलं तर ती मिरची वेगळी काढून आजच खर्ड्यात घाला, तिथनंच बुरशी धरते आणि शेजारच्या चार जणींना घेऊन जाते.