आमची वाटचाल: पन्नास जास्वंदी आणि एक वही

आज आम्ही पुण्यात अडतीस घरांच्या बाल्कन्यांची बाग सांभाळतो. दोन माळीदादा, एक दुचाकी, गच्चीवर छोटी नर्सरी, एवढाच पसारा. पण लोक विचारतात ते वेगळंच. "माझ्याही हाताला गुण आहे हो, रोपं विकायला लागू का?" त्यांना मी माझी जुनी वही दाखवते. या धंद्याचा निर्णय त्या वहीनं घेतला, मी नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या बैठ्या घराच्या गच्चीवर दोनेकशे कुंड्या होत्या. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "वहिनी, विकत का नाही?" मग त्या पावसाळ्यात मी ठरवून जास्वंदीची शंभर कटिंग्ज लावली. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, डोळ्याच्या जरा खाली तिरका छेद देऊन. बासष्टांना मुळं फुटली. उरलेली बुडाशी काळी पडून कुजली, कारण पावसाचं पाणी पिशव्यांत साचत होतं आणि मी छप्पर करायचा कंटाळा केला. पुढे मिलीबग आला. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, तोच. नीमतेल फवारलं, ब्रशनं धुतलं, तरी बारा रोपं गेली. डिसेंबरात विकण्याजोगी पन्नास उरली.

एकशेवीस रुपयांना एक, अशी ती तीन आठवड्यांत संपली. सहा हजार रुपये! आमच्या अहोंनी पेढे आणले. मी मात्र रात्री वही उघडली. कुंड्या हजाराच्या, पिशव्या दोनशेच्या, माती-कोकोपीट-शेणखत साडेसातशेचं, खत-फवारणी तीनशेची. एकूण साडेबावीसशे. हातात उरले पावणेचार हजार. आता वेळ. रोज वीस मिनिटं, पाच महिने, म्हणजे पन्नास तास. तासाला पंचाहत्तर रुपये. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी यापेक्षा जास्त घेतात, आणि त्यांना मिलीबगशी झुंजावं लागत नाही.

वहीत दुसरं एक पान होतं, ते जास्त बोचलं. गिऱ्हाइकांच्या नावापुढे मी 'ओ' आणि 'अ' लिहिलं होतं, ओळखीचे आणि अनोळखी. पन्नासांत 'अ' फक्त सात. बाकी नणंद, तिच्या भिशीतल्या बायका, अहोंच्या ऑफिसातली मंडळी. ते रोप घेत नव्हते, माझं मन राखत होते. पुढच्या तीन महिन्यांत कुणी परत आलं का, तेही लिहून ठेवलं. त्रेचाळीसांतले दोन आले. सात अनोळख्यांतले चार.

अनोळखी माणूस भाव करतो आणि तो बरोबर करतो. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत तसंच रोप तेव्हा पंचाहत्तरला मिळत होतं. तिथला बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. तिथे गावंच्या गावं रोपं करतात, एकरांवर. पंचाहत्तरला विकलं असतं तर माझे तासाला तीस रुपये सुटले असते. कुणी म्हणेल, पाचशे रोपं करायची होती, वेळ काही दहापट लागत नाही. खरं आहे. पण आमच्या गच्चीवर चालायला वाट ठेवून तीनशेच्या वर कुंड्या मावत नाहीत, आणि तेवढ्यानंच खालच्या खोलीच्या छताला ओल आली. वॉटरप्रूफिंगचं बिल मी जास्वंदीच्या हिशेबात धरलेलंच नाही, धरलं तर हसू येईल.

म्हणजे रोपविक्री बाद. छंद म्हणून झकास, धंदा म्हणून बाद. मी तिथेच थांबले असते, पण त्या परत आलेल्या चार अनोळख्यांपैकी तिघांनी एकच वाक्य म्हटलं होतं: "तुमच्याकडे जगतं, आमच्याकडे मरतं." ते रोपाचे पैसे द्यायला कुरकुरत होते, आणि रोप जगवण्याचे द्यायला तयार होते. हे मला दोन महिन्यांनी उमगलं, तेही वहीत तेच वाक्य तीनदा लिहिलेलं दिसलं म्हणून.

मग सहा बाल्कन्या घेतल्या. अट एकच, सहाही घरं अनोळखी. महिन्याला दोन फेऱ्या, आठशे रुपये, पैसे आगाऊ. आगाऊवर मी अडून बसले, कारण 'छान आहे' म्हणणं फुकट असतं. अकरांनी चौकशी केली, सहांनी पैसे दिले. एका फेरीत काम पाऊण तासाचं: कुंडीत बोट घालून ओल बघणं, सुकलेली फुलं खुडणं, छाटणी, खत, कीड. पण घरं होती कोथरूड, वारजे, औंध अशी विखुरलेली. जाण्यायेण्यात सरासरी चाळीस मिनिटं. महिन्याला सतरा तास, पेट्रोल-खत नऊशे, उरले एकोणचाळीसशे. तासाला सव्वादोनशेच्या वर. पुढे दोन घरं सुटली, तेव्हा जागा भरताना मी औंधला नाही म्हटलं आणि शेजारशेजारच्या दोनच सोसायट्यांत कामं घेतली. जाण्यायेण्याची चाळीस मिनिटं दहावर आली आणि त्याच आठशे रुपयांत तासाचे साडेतीनशेच्या वर पडायला लागले. झाडं तीच, हात तोच, फरक रस्त्याचा.

चुकाही केल्या. पहिल्या वर्षी मी हौसेनं म्हटलं, झाड मेलं तर नवं फुकट. मे महिन्यात चार घरं सुट्टीला गावी गेली. अकराव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी, दुपारभर ऊन आणि वारा. तिथली कुंडी दीड दिवसात खडखडीत होते. एकवीस झाडं गेली, ती मी भरून दिली आणि दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. आता गावी जाताना कळवणाऱ्याकडे ठिबकाची नळी लावून देतो, वेगळे पैसे घेऊन. न कळवणाऱ्याचं झाड त्याचं.

माझा भाचा फोटो छान काढतो. त्यालाही धंदा करायचा होता, म्हणून त्याच्या हातात वही दिली. एका बारशाचं काम: फोटो काढणं तीन तास, निवडणं आणि रंग सुधारणं नऊ तास, अल्बममध्ये "आत्याबाईंचा फोटो मोठा करा" हे तीनदा, आणि उरलेल्या पैशांसाठी सात फोन. त्याला नऊ तासांचा भाग मनापासून नकोसा होता. तीन तासांसाठीच तो कॅमेरा घेत होता. त्यानं नोकरी धरली, रविवारी पाषाण तलावावर पक्षी टिपतो, मजेत आहे.

माझ्यासाठी तो नकोसा भाग म्हणजे लोकांशी बोलणं. "परवा तुमचा माणूस आला नाही" असा फोन सकाळी सातला येतो. तो मला झेपतो, अहोंना नाही, म्हणून फोन माझ्याकडे आणि हिशेब त्यांच्याकडे. माळीदादांचे पगार देऊन महिनाअखेर जे उरतं, त्यात मी माझे तास अजूनही धरते. गेल्या पावसाळ्यात तासाचे पैसे जरा खाली आले होते. पावसात फेऱ्या चुकल्या, दोन घरांनी पैसे अडवले. म्हणून नव्या घरांना आता महिन्याला हजार सांगतो. पहिल्या पाचांपैकी चौघांनी मान्य केले.

गच्चीवर जास्वंदी अजून आहेत. गेल्या आठवड्यात पिवळ्या जास्वंदीवर पुन्हा पांढरे पुंजके दिसले. लोकांची घरं फिरून यायला संध्याकाळ होते, स्वतःच्या झाडाला ब्रश लावायचं राहून जातं.