तुम्ही विचारलंत म्हणून: पोचे आलेल्या बाटल्यांची स्पर्धा

«आमची स्टीलच्या पाण्याच्या बाटल्यांची कंपनी आहे. ग्राहकांकडून हॅशटॅगवर फोटो मागवून स्पर्धा घ्यायची आहे. कशी घ्यावी?»

आधी विषय ठरवा, हॅशटॅगचं मग बघू. ‘आमच्या बाटलीसोबत सुंदर फोटो टाका’ असं जाहीर केलंत की नवीकोरी बाटली, गॅलरीतली कुंडी आणि सकाळचं ऊन, असे एकसारखे फोटो येतात. त्यातले बरेचसे अशा लोकांचे असतात, जे दिवसभर फक्त स्पर्धांमध्येच भाग घेत असतात. त्यांची खाती उघडून पाहिलीत तर एका कंपनीच्या साबणाखाली दुसऱ्या कंपनीचा चहा आणि त्याखाली तुमची बाटली दिसेल. तुमचा खरा ग्राहक त्या गर्दीत सापडत नाही.

मी एका कंपनीसाठी ही स्पर्धा घेतली तेव्हा विषय ठेवला होता: तुमच्या बाटलीचा सगळ्यात मोठा पोचा दाखवा आणि तो कसा आला ते दोन ओळींत लिहा. मालकांना सुरुवातीला हे पटेना. खराब झालेला माल आपणच चव्हाट्यावर का मांडायचा, असा त्यांचा प्रश्न होता. पण पोचा विकत मिळत नाही. तो यायला बाटली घरात असावी लागते, वापरात असावी लागते, कुठूनतरी पडावी लागते. त्यामुळे बिल मागायची गरजच राहिली नाही. आणि पोचा येऊनही बाटली वापरात आहे, हे ग्राहकाने स्वतःहून सांगितलं. एका बाईंची बाटली राजगडाच्या वाटेवर हातातून सुटून खालच्या दगडांवर आपटली होती. एका रिक्षावाल्या काकांची रोज सीटखाली घासून एका बाजूने पार चपटी झाली होती. अशा गोष्टी जाहिरातवाल्याला सुचत नाहीत.

आता हॅशटॅग. बाटलीवर जे नाव छापलेलं आहे ते जसंच्या तसं घ्या आणि त्याला एकच छोटा शब्द जोडा. कारण ग्राहक स्पेलिंग आठवत बसत नाही, हातातल्या बाटलीकडे बघून टाइप करतो. रोमन लिपीत मराठी शब्द जो तो आपापल्या पद्धतीने लिहितो, म्हणून लांबलचक वाक्य नको. मध्ये जागा किंवा हायफन आला की हॅशटॅग तिथेच तुटतो. जाहीर करण्याआधी तोच हॅशटॅग शोधून बघा, त्याखाली दुसऱ्या कुणाचं काही चालू असेल तर नाव बदला.

हॅशटॅग टाकला म्हणजे फोटो तुमच्यापर्यंत पोचतोच असं नाही, आणि इथेच लोकांची मनं दुखावतात. ज्यांचं इन्स्टाग्रामचं खातं खासगी आहे त्यांचे फोटो हॅशटॅगखाली तुम्हाला दिसत नाहीत. स्टोरी २४ तासांत नाहीशी होते. म्हणून नियमात स्पष्ट लिहा: खातं सार्वजनिक हवं, फोटो पोस्ट म्हणून हवा आणि कंपनीचं खातं टॅग केलेलं हवं. एका माणसावर रोजचं काम सोपवा. त्याने आलेल्या प्रत्येक फोटोची लिंक, तारीख आणि खात्याचं नाव तक्त्यात नोंदवायचं आणि खाली ‘मिळाला’ असं लिहायचं. हे ‘मिळाला’ फार मोलाचं आहे. ज्याला ते दिसत नाही तो मुदत संपायच्या आत विचारतो, निकालानंतर भांडत नाही.

निवड लाइकवर ठेवू नका. लाइक विकत मिळतात. परीक्षक नेमा, आणि त्यात एकजण कारखान्यातला घ्या. हे मी आग्रहाने सांगते. आमच्याकडे एक फोटो आला होता, निळी बाटली आणि तिच्यावर पाण्याचे टपोरे थेंब. फोटो इतका देखणा होता की सगळ्यांनी तो पहिल्या तिनात धरला. उत्पादन बघणाऱ्या दादांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, ‘ही बाटली गेलेली आहे.’ दुपदरी बाटलीत दोन पत्र्यांमधली हवा काढून टाकलेली असते. आत बर्फाचं पाणी असलं तरी बाहेरचा पत्रा गार पडत नाही, म्हणून त्याला घाम सुटत नाही. घाम सुटला म्हणजे जोड सुटून आत हवा शिरली, नाहीतर पोच्यामुळे दोन पत्रे एकमेकांना टेकले. आम्ही फोटो टाकणाऱ्या ताईंना मेसेज करून विचारलं, की वरून पाणी सांडलं होतं का? नाही म्हणाल्या, हल्ली पाणी तासाभरात कोमट होतं. बुडाशी पोचा होताच. तो फोटो आम्ही पहिला म्हणून झळकवला असता, तर बाटली ओळखणाऱ्या प्रत्येकाला आमचा दोष दिसला असता. ताईंना कंपनीने बाटली बदलून दिली. फोटो त्यांच्या खात्यावर तसाच राहिला, काढायला कुणी सांगितलं नाही. तसं सांगूही नये.

चुकीच्या वापराचे फोटोही येतात: बाटली गॅसवर ठेवलेली, नाहीतर काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये. ते तुमच्या पानावर गेले, की असं केलं तरी चालतं असा अर्थ लोक घेतात. तेही बाजूला काढा. कड्याच्या टोकावर किंवा धबधब्यात उभं राहून काढलेले फोटो बाद होतील हे आधीच लिहा, खास करून स्पर्धा पावसाळ्यात असेल तर.

स्टीलची आणखी एक गोष्ट आहे. रंग न दिलेल्या चकचकीत बाटलीत फोटो काढणारा स्वतः दिसतो, त्याचं घर दिसतं, मागे कपडे बदलणारं माणूसही दिसतं. शिवाय आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची जुनी सवय, आणि पोरांच्या बाटलीवर तर नाव, इयत्ता, तुकडी, शाळा असं सगळंच चिकटवलेलं. ज्याने फोटो टाकला त्याच्या हे लक्षातही आलेलं नसतं. तुमच्या पानावर घेण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून बाटलीवरचं प्रतिबिंब आणि अक्षरं बघा. शंका आली तर कळवा आणि दुसरा फोटो मागा.

परवानगीचं मात्र सगळेच गृहीत धरतात. हॅशटॅग लावला म्हणजे फोटो तुमचा झाला नाही. हक्क सहसा ज्याने फोटो काढला त्याचा असतो, आणि तो खात्याचा मालक असेलच असं नाही. बाटली बायकोच्या हातात, खातं तिचं, फोटो नवऱ्याने काढलेला, हे रोजचंच. म्हणून ‘हा फोटो तुम्हीच काढलात का? आमच्या पानावर तुमच्या नावासह घेऊ का?’ असं विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. खोक्यावर किंवा जाहिरातीत छापायचा असेल तर वेगळा कागद करा, त्यात किती वर्षं आणि कुठे कुठे वापरणार हे लिहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हे लिहिलं नसेल तर मुदत ५ वर्षं आणि हद्द भारतापुरती धरली जाते. दुबईच्या दुकानात तोच खोका गेला की अडचण तुमची.

बक्षीस दहा हजारांच्या आत ठेवलंत तर करकपातीची भानगड सहसा येत नाही. स्पर्धेचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही ही ओळ नियमांत टाका, ती त्यांचीच अट आहे. निकाल जिथे स्पर्धा जाहीर केली तिथेच ठळकपणे द्या. तो दडवणं ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही.

आणि सगळे फोटो, हरलेलेसुद्धा, एकत्र करून कारखान्याला द्या. आमच्या तक्त्यात पोचा कुठे आहे याचा एक रकाना होता. बुडाची कड पुन्हा पुन्हा येत होती, आणि रंगाचे टवकेही तिथूनच उडालेले. पुढच्या खेपेपासून कंपनीने मोठ्या बाटलीच्या बुडाला सिलिकॉनची टोपी द्यायला सुरुवात केली. ज्यांच्या बाटलीच्या बुडाला पोचा होता, त्या सगळ्यांना तीच टोपी कुरियरने पाठवली.