एकाने सभात्याग केला आणि कोरम गेला: इतिवृत्त लिहिताना आलेला अनुभव

इंदूरमधल्या आमच्या मराठी संस्थेच्या कार्यकारिणीत पंधरा जण आहेत आणि घटनेप्रमाणे सभेला किमान आठ हजर लागतात. मी सचिव आहे, त्यामुळे इतिवृत्त माझ्याकडे. गेल्या पावसाळ्याआधीच्या एका सभेला नेमके आठच आले होते. मागचं इतिवृत्त कायम झालं, हिशेब मंजूर झाले, गणेशोत्सवाचं अंदाजपत्रकही झालं. चौथा विषय वाचनालयाच्या छताच्या दुरुस्तीचा होता. तिथे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "दरपत्रकं आधी दाखवली नाहीत, मी सभात्याग करतोय." आणि पिशवी उचलून निघाले.

मी घड्याळ पाहिलं, ७ वाजून १० मिनिटं झाली होती. लगेच अध्यक्षांना म्हटलं, "काका, आता आपण सातच उरलोय." त्यांचं उत्तर तयार होतं: "अहो ताई, हजेरीपटावर आठ सह्या आहेत ना? सुरुवातीला कोरम होता." हा समज फार ठिकाणी आहे. सहीवरून माणूस सभेला आला होता एवढंच कळतं. ठराव झाला तेव्हा तो खोलीत होता की नाही, हे कळत नाही. काही संस्थांच्या नियमांत सभा सुरू होताना गणपूर्ती असली की पुरे असं लिहिलेलं असतं, तिथे गोष्ट वेगळी. म्हणून मी आमच्या घटनेतलं कलम तिथेच वाचून दाखवलं. आमच्याकडे "कामकाज चालू असेपर्यंत" असे शब्द आहेत. त्यानंतर अध्यक्षांनी वाद घातला नाही.

त्या सदस्यांना मत द्यायचंच नव्हतं, तर ते खुर्चीत बसून तटस्थ राहू शकले असते. तटस्थ सदस्य कोरममध्ये मोजला जातो, उठून गेलेला मोजला जात नाही.

अध्यक्षांनी पंधरा मिनिटं सभा थांबवली. जवळ राहणाऱ्या दोन सदस्यांना फोन केले. एक गावाबाहेर होते. दुसरे फोनवरच म्हणाले, "माझं हो धरा." पण फोनवरचं मत हजेरी ठरत नाही, आमच्या घटनेत तशी सोयच नाही. मग कोषाध्यक्षांनी सुचवलं की अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरवू, तहकूब सभेला कोरम लागत नाही. ते कलम आहे खरं, पण ते आमसभेच्या प्रकरणात. कार्यकारिणीला ते लावता येत नाही.

मग उरलेल्या सात जणांना काय करता येत होतं? थोडा वेळ थांबणं, माणसं गोळा करायचा प्रयत्न करणं, पुढची तारीख सुचवणं आणि सभा तहकूब करणं. गप्पा मारायला कोणाची हरकत नव्हती, पण त्यातून निघालेलं काही ठराव म्हणून लिहिता येत नव्हतं. पाचवा विषय बँकेच्या खात्यावर सही करणाऱ्यांचा बदल हा होता आणि तो "उरकून टाकू" असा आग्रह सगळ्यात जास्त झाला. बँकेला त्या ठरावाची प्रमाणित प्रत द्यावी लागते. खाली माझी सही असते. सातांचा ठराव मी प्रमाणित करणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पहिले तीन विषय मात्र पूर्ण वैध होते, कारण ते आठ जण असताना झाले. एक जण नंतर गेला म्हणून ते मागे जाऊन रद्द होत नाहीत.

इतिवृत्तात मी असं लिहिलं:

"विषय ४ वर चर्चा चालू असताना, मतदानापूर्वी, सायं. ७.१० वाजता एका सदस्यांनी (नाव नोंदवले) दरपत्रके आधी न मिळाल्याचे कारण सांगून सभात्याग केला. उपस्थिती ७, आवश्यक ८. सभा १५ मिनिटे थांबवली. ७.२५ ला पुन्हा मोजणी केली, उपस्थिती ७. गणपूर्तीअभावी अध्यक्षांनी सभा तहकूब केली. विषय ४, ५ व ६ वर निर्णय झाला नाही."

कोणीतरी "रागावून" हा शब्द घालायला सांगितला. मी घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या सदस्यांनी विषय ४ ला त्यांचा विरोध नोंदवा, असं पत्र दिलं. मतदानच झालं नव्हतं, त्यामुळे विरोधी मत लिहिणं शक्य नव्हतं. पत्र फाईलला लावलं आणि पुढच्या सभेत वाचायचं ठरवलं.

छत तोवर गळू लागलं. सचिवाला किरकोळ तातडीच्या खर्चाचा अधिकार आहे, त्यातून ताडपत्री घेतली आणि तो खर्च पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत मंजुरीसाठी टाकला. नवी सूचना पंधराही जणांना पाठवली, कारण त्या संध्याकाळी जे आलेच नव्हते त्यांना तहकुबी कळलेली नव्हती. या वेळी दरपत्रकं सूचनेसोबत जोडली.

पुढच्या सभेला अकरा जण आले, सभात्याग केलेले काकाही. त्यांनी छताच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. ठराव दहा विरुद्ध एक असा मंजूर झाला आणि त्यांचं मत त्यांच्या नावासह नोंदवलं गेलं. बँकेला त्याच सभेतल्या ठरावाची प्रत दिली.