चार कंट्रोलर, एक चार्जिंग स्टेशन आणि हिरवा दिवा

लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे बॅटरी भरली, असं चार्जिंग स्टेशनच्या खोक्यावर छापलेलं असतं. ही माहिती अर्धवट आहे आणि तिच्यापायी मला फार त्रास झाला. ज्यांच्या घरी तीन-चार कंट्रोलर आहेत आणि जे स्टेशन घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी दिव्यांचा हा भाग तरी नीट वाचावा.

आमच्याकडे पीएस५ आहे आणि ड्युअलसेन्स कंट्रोलर चार. चार जण खेळायला बसले की दोघांची बॅटरी हमखास उतरलेली असायची, मग केबल कुणाला यावरून वाद. सोनीच्या स्वतःच्या स्टेशनवर दोनच कंट्रोलर बसतात, म्हणून दुसऱ्या कंपनीचं चार खाचांचं स्टेशन बघितलं.

निवडताना दोन प्रकार समोर आले. एकात यूएसबी-सी पोर्टमध्ये कायम खोचून ठेवायचा छोटा प्लग येतो आणि त्या प्लगवरचे पत्रे स्टेशनला टेकतात. दुसऱ्यात काहीच खोचायचं नसतं. ड्युअलसेन्सच्या खालच्या कडेला, हेडफोनच्या भोकाशेजारी, चार्जिंगसाठीचे धातूचे पत्रे असतात आणि स्टेशनमधल्या स्प्रिंगवाल्या दोन पिना थेट त्यांनाच टेकतात. मी दुसरा प्रकार घेतला आणि आजही तोच घेईन. प्लगवाल्यात कंट्रोलर उचलताना जोर यूएसबी पोर्टवर येतो, आणि केबल लावून खेळायचं झालं तर आधी तो प्लग काढा, मग जपून ठेवा. पण थेट पिनांच्या प्रकारात सगळा खेळ पिना नेमक्या जागी टेकण्यावर चालतो, हेही तितकंच खरं.

स्टेशन आलं, जोडलं, चारही कंट्रोलर ठेवले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेचा दिवा लाल झाला. तिसऱ्या खाचेचा हिरवाच राहिला. तो कंट्रोलर आधीच भरलेला असेल असं कुणालाही वाटेल. सकाळी चारही दिवे हिरवे होते, तिसरा कंट्रोलर मात्र पाच मिनिटांत बंद पडला.

इथून पुढे ग्राहक सेवेशी जे बोलणं झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. समोरच्या माणसाचं एकच म्हणणं, "सर, दिवा हिरवा आहे ना? मग चार्ज झालाय. तुमच्या कंट्रोलरची बॅटरी खराब असेल." दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी हेच वाक्य. चांगला चालणारा कंट्रोलर टाकून द्यायचा सल्ला इतक्या सहज कसा देता येतो?

त्या दिव्याला बॅटरीतलं काहीही कळत नसतं. अशा साध्या स्टेशनमध्ये खाचेतून किती करंट वाहतोय एवढंच मोजलं जातं. करंट ठरावीक पातळीच्या वर असेल तर लाल, त्याखाली गेला तर हिरवा. बॅटरी भरली की कंट्रोलर करंट घेणं थांबवतो, म्हणून दिवा हिरवा होतो. पण पिना टेकल्याच नाहीत तरीही करंट शून्यच असतो, आणि दिवा तेव्हाही हिरवाच! हे तपासायला काही लागत नाही. कंट्रोलर न ठेवता स्टेशन चालू करा आणि रिकाम्या खाचांचे दिवे बघा. रिकामी खाच हिरवी दिसत असेल, तर त्या स्टेशनच्या हिरव्या दिव्याचे दोन अर्थ आहेत हे धरून चाला. रिकाम्या खाचेत दिवा बंद ठेवणारी स्टेशनंही असतात, आणि दोन सारख्यांतून निवडायचं असेल तर तीच घ्यावीत.

मग भरवसा कशावर ठेवायचा? कंट्रोलरच्या स्वतःच्या दिव्यावर. ड्युअलसेन्स बंद असताना चार्ज होत असेल तर टचपॅडच्या कडेची पट्टी नारिंगी रंगात हळूहळू उजळते आणि मंदावते. बॅटरी भरली की ती विझते. म्हणून कंट्रोलर ठेवल्यावर काही क्षण थांबून नारिंगी दिसतोय का ते बघायचं, स्टेशनचा दिवा काहीही म्हणो. कंट्रोलर चालू असताना ठेवलात तर ही खूण दिसणार नाही, आधी तो बंद करा. निळी लुकलुक मात्र वेगळी, तिचा चार्जिंगशी संबंध नाही. कंट्रोलर कन्सोलशी जोडणी शोधतोय एवढाच तिचा अर्थ. माझ्या बहिणीने निळी पट्टी बघून कंट्रोलर चार्जिंगला लागलाय असं धरलं होतं, आणि दिव्यांचा अर्थ कुठेच धड लिहिलेला नसल्यावर तसं होणारच.

तर तिसरी खाच. दोष कंट्रोलरचा की खाचेचा हे आधी ठरवणं भाग होतं, म्हणून बॅटरी अर्धी उतरलेला एकच कंट्रोलर घेऊन तो ओळीने चारही खाचांत ठेवला. तीन ठिकाणी नारिंगी दिसला, तिसऱ्या खाचेत नाही. मग "खराब बॅटरी"वाला कंट्रोलर पहिल्या खाचेत ठेवला, तर लगेच नारिंगी. म्हणजे कंट्रोलर निर्दोष. त्यानंतर तो तिसऱ्या खाचेत ठेवून वरून बोटाने दाबला. पट्टी उजळली. बोट काढलं, विझली. कंट्रोलरच्या मागे कागदाची घडी सरकवून तो जरासा पुढे झुकवला, तर न दाबताही चार्ज होऊ लागला. पण टेबलाला धक्का लागला की स्टेशनचा दिवा लाल-हिरवा, लाल-हिरवा असा भराभर बदलायचा. संपर्क जुळतोय आणि तुटतोय याची ती खूण. एका खाचेत असं दिसलं आणि धक्क्याने किंवा दाबण्याने त्यात फरक पडला, तर कारण जवळपास नेहमी पिना किंवा पत्रे हेच असतं.

स्टेशनचा प्लग काढून फोनच्या टॉर्चने आत बघितलं. चांगल्या खाचांत दोन्ही पिना सारख्या उंचीच्या, गोल डोक्याच्या, मधोमध घासून चकचकीत झालेल्या. तिसऱ्या खाचेत डावी पिन उजवीच्या निम्म्याने वर आलेली. लाकडी टूथपिकने हळूच दाबली तर उजवी टुणकन वर यायची, डावी खालीच रेंगाळायची. कंट्रोलरच्या पत्र्यावरही पुरावा होता. चांगल्या खाचेत पिनेचा बारीक ठिपका पत्र्याच्या मध्यावर उमटतो, तिसऱ्या खाचेतला ओरखडा मात्र पत्र्याच्या अगदी काठावर, प्लॅस्टिकला लागून होता. म्हणजे पिन आखूड पडत होती आणि वर कंट्रोलरही मागे रेलून बसत होता.

कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना आणि पत्रे दोन्ही पुसले. काडी काळी झाली, पत्रे स्वच्छ झाले. हातांचं तेल आणि धूळ पत्र्यांवर साचतेच, त्यामुळे जुन्या स्टेशनला अचानक त्रास सुरू झाला तर पहिला उपाय हाच, आणि बहुतेकदा तेवढ्याने भागतं. पुसल्यावर पूर्ण वाळू द्यायचं, मगच प्लग लावायचा. माझी डावी पिन मात्र पुसूनही अडकलेलीच राहिली. अशी पिन सुईने किंवा चिमट्याने ओढू नका. ती वाकली तर खाच गेली, आणि स्टेशन चालू असताना धातू दोन्ही पिनांना लागला तर शॉर्ट होतो. कागदाची घडी कायम ठेवून भागवणंही मला पटलं नाही, कारण अर्धवट टेकणारी पिन गरम होते.

शेवटी ग्राहक सेवेला व्हिडिओ पाठवला. आधी रिकाम्या खाचेत हिरवा दिवा, मग बोटाने दाबल्यावर उजळणारी नारिंगी पट्टी, मग तोच कंट्रोलर शेजारच्या खाचेत न दाबता चार्ज होताना. सगळं एकाच सलग चित्रणात, मध्ये कुठे तोडलेलं नाही. त्यानंतर एकही प्रश्न न विचारता स्टेशन बदलून मिळालं. तेव्हा वाटलेलं समाधान मोठं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर फोनवर वाद घालत बसू नका, थेट असा व्हिडिओ पाठवा. नवीन स्टेशन आल्यावर खोकं टाकायच्या आधी एकच अर्धा उतरलेला कंट्रोलर प्रत्येक खाचेत ठेवून बघा.

वीजपुरवठ्याचं आधीच सांगायला हवं होतं, कारण निवडताना तेच पहिलं बघावं. ड्युअलसेन्सची बॅटरी १,५६० मिलीअँपिअर-तासांची असते. स्टेशनला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॅप्टर लावला तर चौघांच्या वाट्याला जास्तीत जास्त अर्धा-अर्धा अँपिअर येतो, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला साडेतीन-चार तास धरा. रात्रभर ठेवायचं असेल तर तेवढं पुरतं. त्याहून कमी ताकदीच्या ॲडॅप्टरवर चौथा कंट्रोलर ठेवताच सगळ्या खाचांचे दिवे एकदम मंद होतात किंवा एकदम लुकलुकतात. एकाच खाचेचा दिवा लुकलुकला तर पिना बघा, सगळे एकत्र लुकलुकले तर ॲडॅप्टर बघा. बऱ्याच स्टेशनांच्या खोक्यात नुसती केबल असते, ॲडॅप्टर नसतो, हेही घेण्याआधी विचारून घ्या.

ती केबल कन्सोलच्या पोर्टात लावणं मला तरी गैरसोयीचं वाटतं. पीएस५ रेस्ट मोडमध्ये गेल्यावर पोर्टांना वीज द्यायची की नाही हे Supply Power to USB Ports या सेटिंगवर ठरतं. तिथे ३ तासांचा पर्याय निवडलेला असेल तर तेवढ्या वेळाने पुरवठा बंद होतो आणि चार कंट्रोलर अर्धवट भरलेले राहतात. स्वतंत्र ॲडॅप्टरला हा प्रश्नच येत नाही.

घरात वेगवेगळ्या कन्सोलचे कंट्रोलर असतील तर "सगळ्यांसाठी एक" अशा जाहिरातीला लगेच हो म्हणू नका. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर दोन एए सेलवर चालतो, त्यामुळे त्याच्या स्टेशनबरोबर वेगळा बॅटरी पॅक आणि पाठीचं झाकण येतं. निन्टेन्डो स्विचचे जॉय-कॉन कडेच्या रुळातून चार्ज होतात, आणि त्याच स्विचच्या प्रो कंट्रोलरला मात्र यूएसबी-सीच लागतं. प्रत्येकाची खाच वेगळी, म्हणून आपल्याकडे जे आहेत नेमके तेच कंट्रोलर खाचांत बसतात का ते चित्रात नीट बघून घ्या.

आणखी एक आठवलं. सिलिकॉनचं कव्हर घातलेला कंट्रोलर खाचेत एखाद-दुसरा मिलिमीटर वर राहतो, आणि पिना न टेकायला तेवढं पुरतं. खालची कड उघडी ठेवणारं कव्हर घ्या किंवा चार्जिंगला ठेवताना ते काढा. हेडफोनची वायर लागलेली असेल तर तीही आधी काढा.

कंट्रोलर बरेच महिने पडून असेल तर ठेवल्या ठेवल्या नारिंगी दिवा दिसेलच असं नाही. बॅटरी अगदी तळाला गेलेली असते, थोडा वेळ द्यावा लागतो. अर्ध्या तासानेही काही दिसलं नाही तर तो थेट केबलने चार्जिंगला लावा. केबलवर चालला तर पिना-पत्रे पुसायला घ्या. केबलवरही नारिंगी दिसला नाही, तर मात्र स्टेशनला दोष देता येणार नाही, केबल बदलून बघा आणि मग कंट्रोलर दुरुस्तीला न्या.